बाणावर काट मारून बघा

वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाची बायोकेमिस्ट्रीची वही कुणाचीही उघडा, युरिया चक्राचं पान साधारण सारखंच असतं. वर शीर्षक, खाली दोन परिच्छेद, मग पाच एन्झाइमची नावं, त्याखाली ‘नियमन’ म्हणून तीन ओळी, आणि शेवटी ‘विकार’ या मथळ्याखाली पाच आजारांची वेगळी यादी. तोंडी परीक्षेत मुलं ही यादी घडाघडा म्हणतात. मग परीक्षक विचारतात, "ओटीसी कमी असलेल्या बाळाच्या लघवीत ऑरोटिक आम्ल का सापडतं?" आणि समोर शांतता पसरते. उत्तर वहीतच असतं, पण अर्धं पहिल्या परिच्छेदात आणि अर्धं शेवटच्या यादीत, त्यामुळे दोन्ही टोकं कधी भेटतच नाहीत.

म्हणून या नोट्स फ्लोचार्टमध्ये उतरवायच्या. पण तेच परिच्छेद चौकटींत कोंबून मधे बाण काढले म्हणजे फ्लोचार्ट झाला, असं नाही. माझी कसोटी साधी आहे. कुठल्याही एका बाणावर काट मारा. काय साचेल, काय कमी पडेल आणि साचलेलं कुठून बाहेर पडेल, हे तक्त्यावरून वाचता आलं पाहिजे. ते आलं नाही, तर तो तक्ता नुसता शोभेचा.

आधी या चक्राचं काम समजून घेऊ. डाळ, दूध, अंडं, मटण यांतली प्रथिनं मोडली की त्यांतला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मोकळा होतो. अमोनिया मेंदूला विषारी. यकृत त्याचा युरिया करतं. युरिया निरुपद्रवी, पाण्यात विरघळणारा, लघवीतून निघून जाणारा. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये यकृताच्या पातळ कापांवर प्रयोग केले तेव्हा त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. ऑर्निथिन नावाचं अमिनो आम्ल थोडंसंच घातलं, तरी युरिया भरपूर तयार होत होता आणि ऑर्निथिन काही संपत नव्हतं. याचा अर्थ ते वापरलं जाऊन पुन्हा तयार होत होतं. त्यांच्या आकृतीत तीनच टप्पे होते: ऑर्निथिनपासून सिट्रुलिन, सिट्रुलिनपासून आर्जिनिन, आर्जिनिनपासून पुन्हा ऑर्निथिन आणि युरिया. मधले टप्पे पुढच्या संशोधकांनी भरले. आपणही तक्ता याच क्रमाने काढावा, आधी तीन बाणांचा सांगाडा आणि मग तपशील. पाठ्यपुस्तकातली भरगच्च आकृती पहिल्याच झटक्यात उतरवायला गेलं की हाताला वळण लागतं, डोक्यात मात्र काही शिरत नाही.

आता कागद आडवा घ्या आणि मधोमध एक उभी रेघ मारा. डावीकडे मायटोकाँड्रिया, उजवीकडे पेशीद्रव. ही रेघ बहुतेक वह्यांत नसते, आणि पुढची निम्मी उत्तरं तिच्यावरच अवलंबून असतात. डाव्या बाजूला पहिला बाण: अमोनिया आणि बायकार्बोनेट मिळून कार्बामॉइल फॉस्फेट. बाणावर एन्झाइमचं नाव, सीपीएस-१, आणि बाजूने आत येणारे दोन एटीपी. दुसरा बाण: कार्बामॉइल फॉस्फेट अधिक ऑर्निथिन, तयार होतं सिट्रुलिन, एन्झाइम ऑर्निथिन ट्रान्सकार्बामायलेज, म्हणजेच ओटीसी. इथून सिट्रुलिन रेघ ओलांडून उजवीकडे जातं. तिसऱ्या बाणावर त्याला अ‍ॅस्पार्टेट चिकटतं आणि अर्जिनिनोसक्सिनेट होतं. युरियातला दुसरा नायट्रोजन येतो तो या अ‍ॅस्पार्टेटमधून. चौथ्या बाणावर ते तुटून आर्जिनिन आणि फ्युमरेट होतं. पाचव्यावर आर्जिनेज हे एन्झाइम आर्जिनिनचे तुकडे करतं: युरिया रक्तात आणि ऑर्निथिन रेघेच्या पलीकडे, पुन्हा कामावर.

एक शिस्त मात्र पाळायची. पदार्थ चौकटीत, एन्झाइम बाणावर, बाजूने येणारं-जाणारं आखूड बाणाने. नियमन आणि आजार या कामाच्या रेषेत मिसळायचे नाहीत, त्यांना वेगळा रंग. दोन रंग पुरे. सात रंगांची हायलायटरची पेटी घेऊन बसलेल्या मुलांचा तक्ता दिसतो सुरेख, पण आठवड्याने त्यांनाच विचारा गुलाबी कशासाठी होता.

नियमनाचा रंग या चक्रात मुख्यतः एकाच ठिकाणी लागतो, तो म्हणजे पहिल्या बाणावर. सीपीएस-१ आपोआप चालत नाही. एन-असिटिल ग्लुटामेट नावाचा रेणू चिकटल्याशिवाय ते जवळपास निष्क्रिय असतं. हा रेणू ग्लुटामेट आणि असिटिल-कोए यांच्यापासून तयार होतो आणि आर्जिनिन वाढलं की त्याचं उत्पादन वाढतं. म्हणजे जेवणातून प्रथिनं आली, ग्लुटामेट आणि आर्जिनिन वाढलं, की चक्राचा दरवाजा आपसूक उघडतो. दुसरं नियमन सावकाश, दिवसांच्या हिशेबाने चालतं. प्रथिनांचं जेवण सतत जास्त असेल तर पाचही एन्झाइम यकृत अधिक बनवतं. उपाशी माणसातही ती वाढतात, कारण तेव्हा स्नायूंतली प्रथिनं मोडत असतात. हे मुलांना नेहमी उलटं वाटतं, म्हणून तक्त्याच्या कडेला लिहूनच ठेवावं.

आता काट मारायला सुरुवात करू. समजा, पूर्ण दिवस भरून जन्मलेला मुलगा. पहिले दोन दिवस ठीक, दूध पीत होता. तिसऱ्या दिवशी दूध ओढेना, सुस्त झाला, श्वास मात्र जोरात. सगळ्यांना आधी जंतुसंसर्गच आठवतो, आणि अँटिबायोटिक सुरू करणं चूकही नाही. पण कुणीतरी अमोनिया तपासायला पाठवतं. हा नमुना बर्फावर ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचावा लागतो. नळी तशीच पडून राहिली तर नळीतच अमोनिया वाढतो आणि आकडा फसवतो. नवजात बाळात हा आकडा साधारण १०० मायक्रोमोल प्रति लिटरच्या आत असतो. आपल्या बाळाचा आला ९००.

रक्तातल्या वायूंच्या तपासणीत रक्त आम्लाकडे नाही, अल्कलीकडे झुकलेलं आहे. अमोनिया मेंदूतल्या श्वसनकेंद्राला डिवचतो, बाळ भराभर श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं, म्हणून हे होतं. रक्त आम्लधर्मी असतं तर संशय दुसऱ्या गटाच्या आजारांवर गेला असता. म्हणजे बहुधा युरिया चक्रातच कुठेतरी अडलंय. पण कुठे?

रक्तातल्या अमिनो आम्लांच्या तपासणीत सिट्रुलिन जवळजवळ नाहीच. तक्त्यावर बोट ठेवा. सिट्रुलिन दुसऱ्या बाणाच्या टोकाला आहे. ते तयारच होत नसेल तर अडथळा पहिल्या किंवा दुसऱ्या बाणावर. तिसरा बाण अडला असता तर सिट्रुलिन साचून हजारांच्या घरात गेलं असतं. चौथा अडला असता तर ते मध्यम वाढलं असतं आणि सोबत अर्जिनिनोसक्सिनेट दिसलं असतं. एका आकड्याने तीन बाण बाद झाले.

उरले दोन. आता ती उभी रेघ कामाला येते. दुसरा बाण, म्हणजे ओटीसी, अडला तर कार्बामॉइल फॉस्फेट मायटोकाँड्रियात साचतं आणि तुंबलेल्या मोरीसारखं रेघेपलीकडे पेशीद्रवात उतू जातं. तिथे नेमका हाच पदार्थ वापरून पेशी डीएनएचा कच्चा माल तयार करत असते. ओळखीचा माल अवाच्या सवा आल्यावर तो मार्ग धो धो चालू लागतो आणि मधलं ऑरोटिक आम्ल लघवीत सांडतं. पहिला बाण अडला तर कार्बामॉइल फॉस्फेटच तयार होत नाही, मग ऑरोटिक आम्ल वाढायचं कारणच नाही. आपल्या बाळाच्या लघवीत ते कैक पटींनी जास्त. निदान ओटीसीची कमतरता. ज्यांच्या तक्त्यात रेघ आणि बाहेर जाणारा तो एक तुटक बाण आहे, त्यांना तोंडी परीक्षेतला तो प्रश्न पाठ करावाच लागत नाही.

ओटीसीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून तीव्र आजार मुलग्यांत दिसतो. आई वाहक असू शकते, आणि अशा काही बायकांना प्रथिनांचं जेवण नकोसं होतं, किंवा बाळंतपणानंतर अचानक भ्रम होतो. हे आजाराच्या रंगात, दुसऱ्या बाणाच्या शेजारीच लिहायचं, पानाच्या तळाशी नाही.

उपचारही तक्त्यावरच बसतात. प्रथिनं थांबवायची, ग्लुकोज देऊन शरीराची स्वतःची प्रथिनं मोडणं रोखायचं, अमोनिया इतका असेल तर डायलिसिस. त्याचबरोबर नायट्रोजनला चक्राबाहेरची वाट द्यायची. सरबताच्या बाटल्यांत टिकाऊपणासाठी घालतात तेच सोडियम बेन्झोएट, पण औषधाच्या मात्रेत, ग्लायसिनला चिकटून ते लघवीत नेतं. सोडियम फिनाइलब्युटिरेट ग्लुटामिन घेऊन जातं आणि दर खेपेला दोन नायट्रोजन काढतं. आर्जिनिनही द्यावं लागतं, कारण अडथळ्यापुढचं सगळंच कमी पडतंय. पाचवा बाण अडला असेल तर मात्र आर्जिनिन देणं म्हणजे साचलेल्यात भर. तो आजार वागतोही वेगळा: अमोनिया फारसा चढत नाही, मूल काही वर्षांचं झाल्यावर पाय ताठरत जातात. एकच औषध एका अडथळ्यात हवं आणि दुसऱ्यात नको, हे यादीतून पाठ करणं कठीण. बाणावरून लगेच कळतं.

तक्ता कुठे थकतो तेही सांगायला हवं. त्यात प्रमाण दिसत नाही. एन्झाइम थोडंफार काम करत असेल तर तोच आजार विशीत, एखाद्या मोठ्या तापानंतर पहिल्यांदा उघड होतो, आणि सिट्रुलिन तितकं कमीही नसतं. शिवाय पाचही एन्झाइम धडधाकट असताना अमोनिया चढू शकतो. प्रोपिऑनिक अ‍ॅसिडेमियात साचलेलं प्रोपिऑनिल-कोए एन-असिटिल ग्लुटामेट तयार होऊ देत नाही आणि पहिला बाण बाहेरूनच बंद पडतो. म्हणून नियमनाच्या रंगात पहिल्या बाणाकडे येणारा एक ‘अडवणारा’ बाणही काढून ठेवावा.

आणि सिट्रुलिन नाही, ऑरोटिक आम्लही नाही, अशी जोडी समोर आली तर? सीपीएस-१ बिघडलंय की त्याला चालवणारा एन-असिटिल ग्लुटामेटच बनत नाही, हे या दोन तपासण्यांवरून ठरत नाही, कारण दोन्हीत पुढचं चित्र एकच. तिथे कार्ग्लुमिक आम्ल देऊन पाहतात. हा त्या रेणूचाच कृत्रिम जोडीदार. काही तासांत अमोनिया झपाट्याने उतरला तर एन्झाइम शाबूत असून चालवणारा रेणूच कमी होता, असा जोरदार संशय येतो. शिक्कामोर्तब जनुकतपासणीच करते. पण तिचा अहवाल येईपर्यंत वाट पाहायला बाळाजवळ वेळ नसतो, म्हणून औषध आधी सुरू करतात.