पाच उलटवायच्या की एक?

चंदीगडहून आज ऑथेलो. आपली नवी सोंगटी आणि आपलीच जुनी सोंगटी यांच्यामध्ये सरळ किंवा तिरप्या ओळीत सापडलेल्या विरुद्ध रंगाच्या सोंगट्या उलटतात. एकही उलटत नसेल तर ती चाल होत नाही. शेवटी ज्याच्या जास्त तो जिंकतो, म्हणून नवखा माणूस पहिल्यापासून जास्तीत जास्त उलटवत सुटतो.

इथे घराचा पत्ता आमच्या सेक्टरांपेक्षा सोपा आहे: डावीकडून ए ते एच, वरून १ ते ८. आता डाव मधल्या टप्प्यात आहे असं समजा. तुम्ही काळे आहात. सी-३, डी-४ आणि एफ-६ पांढऱ्या, ई-५ तुमची. दुसऱ्या ओळीत सी, डी, ई पांढऱ्या आणि एफ-२ तुमची. पहिली ओळ रिकामी.

बी-२ वर खेळलात तर आडव्या तीन आणि तिरक्या दोन, अशा एकदम पाच उलटतात. पण आता बी-२ पासून ई-५ पर्यंतची तिरपी सगळी काळी झाली आणि तिच्या टोकाला एफ-६ पांढरी उभी आहे. पांढरा ए-१ वर खेळतो आणि चार परत घेतो. चार गेल्या त्याचं मोठंसं नाही. कोपरा गेला तो कायमचा. कोपऱ्यातल्या सोंगटीच्या दोन्ही बाजूंना कुणी बसूच शकत नाही, म्हणून ती उलटत नाही. तिला लागून कडेवर सलग लावलेल्या पांढऱ्याही मग उलटत नाहीत.

दुसरं नुकसान मला जास्त खुपतं. तुमच्या नव्या काळ्यांच्या वर रिकामी ओळ आहे. डी-३ पांढरी असेल तर त्याला डी-१ ही नवी चाल मिळते. तुम्हीच त्याला वाटा उघडून दिल्या.

आता जी-५ पाहा. समजा तिथे फक्त एफ-५ उलटते आणि तिच्या भोवतालची सगळी घरं भरलेली आहेत. तिला लागून पांढऱ्याला खेळायला जागाच नाही. जी-५ एच स्तंभाकडे उघडी राहते, एवढाच खर्च. मी हीच चाल खेळेन. अशा चालींनी समोरच्याचे पर्याय दोन-तीनवर आले की त्याला स्वतःच बी-२ किंवा जी-७ सारख्या घरात जावं लागतं आणि कोपरा तुम्हाला मिळतो. म्हणून सोंगटी ठेवण्याआधी, ती ठेवल्यावर समोरच्याला किती घरं उरतील ते बोटांवर मोजा.

पॉल रोझेनब्लूम यांच्या ‘इयागो’ या संगणक-कार्यक्रमातही डावाचं मोल ठरवताना भर होता तो न उलटणाऱ्या सोंगट्यांवर आणि उपलब्ध चालींवर.

शेवटच्या आठ-दहा घरांत मात्र हिशेब बदलतो. तिथे प्रत्येक चाल शेवटपर्यंत मोजून, सोंगट्याच धरायच्या. बी-२ सुद्धा नेहमीच वर्ज्य नाही: त्या तिरपीवर पांढरी एकही नसेल आणि लवकर येण्यासारखीही नसेल, तर तिथे खेळून एक चाल काढता येते.