लेखांक ७ : तंबू काढताना गवत आणि खडकाचा पोत राखणे

पापडीच्या पूर्वेला असलेल्या कामणदुर्गाच्या माथ्याचे, पावसाळा सरल्यानंतर दुपारच्या तिरप्या उन्हात टिपलेले एक छायाचित्र उदाहरणादाखल घेऊ : पुढे वाळत चाललेले गवत, मागे काळ्या बेसाल्टचा खडक आणि दोहोंच्या सीमेवर एक नारिंगी तंबू. असा तंबू फोटोशॉपमध्ये पुसला की त्याच्या जागी बहुधा गुळगुळीत डाग उरतो, कारण मऊ कडेच्या ब्रशने एका गवतावर दुसरे गवत अर्धपारदर्शक चढवले असता दोन्हींचे पोत, म्हणजे पात्यांच्या उजेड-सावलीचे बारीक चढउतार, एकमेकांना छेद देतात. परस्परांशी संबंध नसलेले दोन पोत निम्मे-निम्मे मिसळले की त्यांचा उठाव सुमारे ७० टक्क्यांवर येतो आणि तीच जागा पुनःपुन्हा घासत राहिल्यास तो आणखी घटतो.

म्हणून मूळ प्रतिमेवर एक रिकामा थर घेऊन `Clone Stamp` या, एका जागेचे बिंदू जसेच्या तसे दुसरीकडे नेणाऱ्या साधनाचा नमुना `Current & Below` असा ठेवावा, अपारदर्शकता १०० टक्के आणि ब्रशची कड बरीच कठीण, सुमारे ८० टक्के, ठेवावी. नमुना तंबूच्या डावी-उजवीकडून, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावरून घ्यावा, कारण पुढच्या गवताची पाती मोठी दिसतात, आणि ती लहान करून वापरली तर प्रतिमेतील कणांचा आकारही बदलतो. खडकाच्या बाबतीत उन्हाची दिशाही जुळायला हवी. भेग उलटी फिरवली की तिची उजळ कड सावलीच्या बाजूला जाते, आणि ही चूक डोळा लगेच पकडतो. जोडाची रेषा सरळ न ठेवता पात्यांच्या व भेगांच्या वळणाने न्यावी.

`Healing Brush` हे साधन नमुन्याचा पोत घेऊन रंग भोवतालचा लावते, त्यामुळे तंबूच्या कडेला ते नारिंगी ओढून चिखल करते. कड आधी `Clone Stamp`ने बंद करून मगच ते मधल्या भागात वापरावे. तंबूची सावली काढणे नवशिके हमखास विसरतात. कापडावरून परतलेल्या उजेडाची नारिंगी झाक मात्र पोत न हलवता काढता येते : `Color` या मिश्रणपद्धतीच्या वेगळ्या थरावर शेजारच्या गवताचा रंग फिरवला की फक्त रंग बदलतो, उजळपणाचे बारीक तपशील शाबूत राहतात.

तपासणीसाठी सर्वांत वर कृष्णधवल करणारा थर आणि त्यावर तीव्र उठावाचा वक्र तात्पुरता ठेवून चित्र १०० टक्के आकारात पाहावे. सपाट झालेली जागा राखाडी ठिपक्यासारखी उघडी पडते, तर दोनदा आलेला तोच दगड अख्खे चित्र लहान करून पाहिल्यावरच सापडतो. अशा ठिपक्यावर वरून कृत्रिम कण टाकण्यापेक्षा तेवढा भाग पुसून नव्या नमुन्याने भरणे अधिक चांगले, कारण कण म्हणजे पाती नव्हेत. तंबूने गवत आणि खडकाचा सांधाच झाकला असेल, तर तो शेजारच्या सांध्यावरून कल्पनेनेच रचावा लागतो. वनविभागाचा फलकही याच रीतीने निघतो, पण असे चित्र त्या जागेची नोंद म्हणून वापरता येत नाही.