इअरबड्सला हात लागला आणि ऑर्डरचा कॉल कट झाला! दुकानदाराने टॅप आणि वॉचचं बटण कसं सेट करावं?

मागच्या व्हिडिओत मी कानात एक इअरबड घालून काउंटरवर उभा होतो. ते बघून बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, गिऱ्हाईक समोर असताना हे कसं जमतं?" जमतं, पण बॉक्समधून काढलं तसंच वापरायला गेलात तर नुकसान होतं. माझं झालंय, म्हणून आधी तेच सांगतो.

माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. तेव्हा माझ्याकडे जुने, टचवाले इअरबड्स होते. एका कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला, वायरच्या १२ कॉइल्स हव्या होत्या. सगळं ठरत आलं आणि त्यांनी विचारलं, "दादा, भावात काय करताय?" नेमका तेव्हाच घामाने बड सरकला. मी बोटाने दोनदा आत दाबला आणि कॉल कट! त्यांना वाटलं, भाव विचारला म्हणून मी फोन ठेवला. मी परत लावला तर उचलला नाही. संध्याकाळी कळलं, माल दुसरीकडून घेतला. दोनदा टॅप म्हणजे कॉल बंद, ही सेटिंग कंपनीने आधीच करून दिलेली होती. मी ती कधी उघडूनच बघितली नव्हती. चूक माझीच.

आज माझ्याकडे सॅमसंगचा फोन, टचवाले गॅलॅक्सी बड्स आणि गॅलॅक्सी वॉच आहे, म्हणून त्याचीच सेटिंग दाखवतो. तुमची कंपनी वेगळी असेल तर मेनूची नावं बदलतील, पण निर्णय हेच घ्यायचे आहेत.

पहिला निर्णय: कॉल कानावरून उचलायचा की नाही?

फोनमध्ये Galaxy Wearable ॲप उघडा, वर बड्स निवडा आणि Touch controls मध्ये जा. तिथे एक टॅप, दोन टॅप, तीन टॅप आणि दाबून धरणं, प्रत्येकाला वेगळं बटण आहे. गाण्यासाठी साधारण असं असतं: एक टॅप म्हणजे चालू-बंद, दोन म्हणजे पुढचं गाणं, तीन म्हणजे मागचं. कॉलसाठी खाली वेगळे पर्याय आहेत. दोन टॅप केले की कॉल उचलला जातो, आणि चालू कॉलवर तेच दोन टॅप केले की तो बंद होतो. दाबून धरलं की येणारा कॉल नाकारला जातो.

इथेच खरी गोम आहे. उचलणं आणि ठेवणं एकाच टॅपवर आहे. "उचलायचं ठेवा, ठेवायचं काढा" असं करता येत नाही. त्यामुळे काउंटरवर काम करणाऱ्याने मी केलं तेच करावं: कॉलचे दोन टॅप बंद, आणि दाबून नाकारणंही बंद. नाहीतर बड नीट करताना नव्या गिऱ्हाइकाचा फोन नकळत नाकारला जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

मग कॉल उचलायचा कसा? सॅमसंगच्या Phone ॲपच्या सेटिंगमध्ये Answering and ending calls असा भाग आहे. तिथे व्हॉल्यूम वाढवायचं बटण दाबून कॉल उचलायचा पर्याय सुरू करा. आता फोन शर्टच्या खिशात असला तरी वरून बटण चाचपून कॉल घेता येतो आणि आवाज कानातच येतो. त्याच पानावर साइड बटणाने कॉल ठेवायचाही पर्याय आहे, तो मी बंदच ठेवलाय. खिशात बटण दाबलं गेलं की पुन्हा तीच कथा.

दुसरा निर्णय: आवाज कुठून कमी-जास्त करायचा?

दाबून धरण्याला आवाजाचं काम देता येतं. पण डाव्या बडने आवाज कमी होतो आणि उजव्याने वाढतो, अशी ती जोडी आहे. आपण दुकानात एकच बड घालतो, दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा. म्हणजे फक्त उजवा घातला तर आवाज वाढवता येईल, पण कमी करायला बोट न्याल कुठे? दोन्ही बड घालून प्रवास करणाऱ्यासाठी ही सेटिंग छान आहे, काउंटरसाठी नाही.

म्हणून गाण्याच्या आवाजाचं काम मी वॉचला दिलंय. वॉचच्या सेटिंगमध्ये बटणांची सेटिंग शोधा. काही व्हर्जनमध्ये ती Advanced features च्या आत Customize buttons या नावाने आहे, काहींत Buttons and gestures या नावाने. वरच्या Home बटणाच्या डबल प्रेसला Media controller द्या. आता दोनदा दाबलं की गाण्याचा पडदा येतो, तिथे थांबवा किंवा आवाज कमी करा. गिऱ्हाईक आत आलं की दोन सेकंदांत गाणं बंद. हेच बटण घाईघाईत अनेकदा दाबू नका. SOS सुरू असेल तर घरच्यांना उगाच निरोप जाईल.

एक गोष्ट लक्षात ठेवा. अँड्रॉइडमध्ये गाण्याचा आवाज आणि कॉलचा आवाज वेगवेगळा असतो. गाणं मोठं केलं म्हणून समोरचा माणूस मोठ्याने ऐकू येणार नाही. कॉल चालू असताना फोनचं व्हॉल्यूम बटण दाबून तो एकदा नीट लावून घ्या.

वॉचवरून कॉल उचलू नका

स्पीकर असलेल्या वॉचवर हिरवं चिन्ह ओढलं तर बोलणं वॉचच्या स्पीकरवर सुरू होऊ शकतं. म्हणजे होलसेलवाला तुम्हाला खरेदीचा भाव सांगतोय आणि समोरचं गिऱ्हाईक ऐकतंय! वॉचवर कोणाचा फोन आहे ते फक्त बघा, उचला फोनवरूनच.

बड दाबायचा प्रकार असेल तर?

एअरपॉड्स प्रोसारख्या बड्सला दांडी असते आणि ती दोन बोटांत दाबावी लागते. नुसता हात लागून काही होत नाही, त्यामुळे आपल्या कामाला हा प्रकार जास्त सुरक्षित. दुसऱ्या पिढीपासून दांडीवर बोट वर-खाली सरकवून आवाजही बदलतो, त्यामुळे एकच बड घातला तरी अडत नाही. आयफोनच्या Settings मध्ये एअरपॉड्सच्या नावावर जाऊन Call Controls उघडा. एकदा दाबून म्यूट आणि दोनदा दाबून कॉल बंद, की याच्या उलट, हे तिथे ठरवता येतं. एकदा दाबणं म्यूटलाच द्या. चुकून दाबलं तर फक्त आवाज जाईल, माणूस जाणार नाही. म्यूटचा फायदा वेगळाच: पोराला "गोडाऊनमध्ये किती पडलाय माल?" असं विचारताना पलीकडच्याला ऐकू जात नाही.

आज रात्री एवढं करा

शटर ओढल्यावर घरच्या कोणाला फोन लावायला सांगा. खिशातल्या बटणाने कॉल उचला. मग मुद्दाम बड दोनदा आत ढकला, काढून परत घाला, ओल्या बोटानेही हात लावून बघा, कारण टचवाल्या बडला पाण्याचा थेंबही बोटासारखा वाटू शकतो. कॉल टिकला तर सेटिंग बरोबर. तुटला तर Touch controls परत उघडा, कुठलं तरी बटण चालू राहिलंय. आणि बड सारखा सरकत असेल तर त्याची रबरी टिप एक साइज मोठी लावा. बॉक्समध्ये जास्तीच्या टिप्स असतात, आपण त्या उघडतच नाही.

तुमच्या बड्सवर कुठली सेटिंग अडतेय, मॉडेलच्या नावासह खाली लिहा. पुढच्या व्हिडिओत तेवढीच घेऊ.