डब्यावरचे १८५ ग्रॅम आणि डब्यातली मासळी

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. इथली मासळी म्हणजे मुळा धरणातले रोहू-कटला, उजनीच्या फुगवट्यावरून कर्जत-श्रीगोंद्याकडे येणारा माल आणि आठवडी बाजारातले सुके बोंबील नि सुकट. ही मासळी घेताना गिऱ्हाईक कल्ला उचकून बघतं, वास घेतं, तराजूच्या काट्यावर नजर ठेवतं. गेल्या काही वर्षांत मात्र सावेडीतल्या सुपरमार्केटांत आणि घरपोच मागवण्याच्या यादीत ट्यूना नि सार्डिनचे डबे आले. जिमला जाणाऱ्या पोरांनी ते आणले असं म्हटलं तरी चालेल. डब्याचा कल्ला उचकता येत नाही, वास घेता येत नाही. वाचायला फक्त लेबल उरतं, आणि ते वाचताना काही गैरसमज ठाण मांडून बसलेले दिसतात.

गैरसमज : १८५ ग्रॅमचा डबा म्हणजे १८५ ग्रॅम मासा.

सगळ्यांत पसरलेला आणि सगळ्यांत महागात पडणारा समज हाच. डब्यावर ठळक छापलेलं असतं ते निव्वळ वजन, म्हणजे मासा आणि ज्यात तो बुडवला आहे ते पाणी किंवा तेल, दोन्ही मिळून. मासा किती, हे सांगणारा आकडा वेगळा असतो. त्याला ‘ड्रेन्ड वेट’ म्हणतात, आपण निथळलेलं वजन म्हणू. १८५ ग्रॅमच्या डब्यात ते बहुधा १२० ते १३० ग्रॅमच्या आसपास असतं, सार्डिनच्या १२५ ग्रॅमच्या चपट्या डब्यात ९० ग्रॅमच्या जवळपास. पाण्यात किंवा मिठाच्या पाण्यात भरलेल्या पदार्थावर निथळलेलं वजन छापावं, असा लेबलचा नियम आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाच्या व्याख्येत मात्र पाणी, साखर-मिठाचं पाणी, फळा-भाज्यांचे रस, व्हिनेगर यांची नावं आहेत आणि तेलाचं नाव नाही. म्हणून तेलातल्या डब्यावर हा आकडा आहे का, हे जरा जास्त लक्ष देऊन शोधावं. चांगले उत्पादक तो तिथेही छापतात. ज्या डब्यावर तो सापडत नाही, तो मी परत फळीवर ठेवतो.

आता हिशेब करून बघू. समजा, एक डबा १८५ ग्रॅमचा, निथळलेलं वजन १२०, किंमत २४० रुपये. दुसरा १६० ग्रॅमचा, निथळलेलं वजन तेवढंच १२०, किंमत २२५ रुपये. हल्ली लेबलवर दर ग्रॅमची किंमतही छापतात, पण ती निव्वळ वजनावर काढलेली असते. त्या हिशेबाने पहिला डबा १ रुपया ३० पैसे ग्रॅम आणि दुसरा १ रुपया ४१ पैसे, म्हणजे पहिला स्वस्त. पण माशाच्या वजनाने भागलं की पहिला २ रुपये ग्रॅम पडतो आणि दुसरा १ रुपया ८८ पैसे. छापील दराने स्वस्त ठरलेला डबा प्रत्यक्षात महाग निघाला. फरक आहे तो २५ ग्रॅम पाण्याचा, आणि पाणी नगरकरांनी विकत घ्यायचं ते टँकरचं, डब्यातलं कशाला?

हीच चूक प्रथिनांच्या हिशेबात होते. पाण्यातल्या ट्यूनाच्या लेबलवर समजा ‘१०० ग्रॅममध्ये प्रथिने २५ ग्रॅम’ असं लिहिलं आहे. जिममधला गडी १८५ ने गुणतो आणि एका डब्यात ४६ ग्रॅम प्रथिनं पोटात गेली असं मानतो. पण १०० ग्रॅमला २५ हा आकडा निथळलेल्या माशाचा असतो. १२० ने गुणलं की उत्तर येतं ३० ग्रॅम. सोळा ग्रॅम प्रथिनं फक्त वहीतच खाल्ली गेली. उलट, तक्त्यात १०० ग्रॅमला १६-१७ ग्रॅम असं काही दिसलं, तर बहुधा पाण्यासकट सगळ्या ऐवजाचा हिशेब मांडलेला आहे, आणि मग १८५ ने गुणणं बरोबर. दोन्ही वाटांनी उत्तर तीसच्या आसपास यायला हवं. तक्ता कशाचा आहे हे ओळखायची माझी तरी हीच खूण आहे.

छापलेलं वजन खरं आहे का, हे घरी तपासता येतं, पण रीत सांभाळून. कोडेक्सची पद्धत अशी : डबा आधी किमान बारा तास २० ते ३० अंश तापमानात ठेवायचा, मग उघडून सगळा ऐवज वजन केलेल्या चाळणीवर ओतायचा. चाळणीची भोकं २.८ मिलिमीटरची. चाळणी जराशी, सतरा ते वीस अंश, कलती धरून दोन मिनिटं थांबायचं आणि वजन करायचं. चमच्याने दाबायचं नाही. लोक नेमकं तेच करतात, दाबून दाबून पाणी काढतात आणि ‘वीस ग्रॅम कमी भरलं’ म्हणून ओरडतात. बारा तासांची अटही उगाच नाही. नगरच्या थंडीत रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो. तेव्हा स्वयंपाकघरात राहिलेल्या डब्यातलं ऑलिव्ह तेल घट्ट होऊन माशाला चिकटतं आणि वजन उगाच जास्त भरतं.

गैरसमज : तेलातला वाईट, खारट पाण्यातला चांगला.

उष्मांकापुरतं हे खरं आहे. पाण्यातला निथळलेला ट्यूना १०० ग्रॅमला साधारण ११० ते १२० कॅलरी देतो, तेलातला निथळूनही दोनशेच्या आसपास, कारण थोडं तेल माशात मुरतं. पण खारट पाण्याच्या डब्यात मीठ आणि तेलाच्या डब्यात तेल, अशी वाटणी डोक्यात असेल तर ती काढून टाकावी. तेलातल्या डब्यातही मीठ घालतात, कधी कधी तितकंच. म्हणून पुढचं नाव बघून ठरवू नये, मागच्या तक्त्यातला सोडियमचा आकडा बघावा. १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅम सोडियम असेल तर १२० ग्रॅम माशात ४२० होतं. अडीचने गुणलं की साधारण एक ग्रॅम मीठ. रक्तदाबवाल्याने दिवसाच्या हिशेबात हे धरावं. निथळलेला मासा साध्या पाण्याने विसळला की काही मीठ निघूनही जातं.

चरबीची गोष्ट माशागणिक बदलते. डब्यातला बहुतेक स्वस्त ट्यूना म्हणजे स्किपजॅक. तो मुळात कमी चरबीचा, शिवाय डब्यात भरण्याआधी वाफवतात तेव्हा त्याची थोडी चरबी गळून जाते. सार्डिन, म्हणजे आपली तारली किंवा तिची भावंडं, भरपूर तेलाची. तेलात भरलेल्या तारलीची स्वतःची चरबी भोवतीच्या तेलात मिसळते. ते तेल ओतून दिलं की ज्या ओमेगा-३ साठी डबा आणला, तेच थोडं मोरीत जातं. पाण्यात चरबी मिसळत नाही, त्यामुळे पाणी ओतल्याने तेवढं नुकसान होत नाही. तेलातली तारली घ्यायची असेल तर ते तेल कांदा परतायला वापरावं. आणि तेल कुठलं, हे घटकांच्या यादीत नावानिशी असायला हवं : सोयाबीन, सूर्यफूल, ऑलिव्ह. नुसतं ‘खाद्य वनस्पती तेल’ लिहिलेलं लेबल अपुरं आहे. पुढे ऑलिव्हची फांदी छापलेली आणि मागे यादीत सोयाबीन आधी, असा प्रकार दिसला तर मागचं खरं मानावं, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात.

डबा टिकतो तो मिठाने किंवा रसायनाने, हाही एक समज. टिकतो तो हवाबंद करून दाबाखाली तापवल्यामुळे. त्याच उष्णतेने तारलीचे काटे मऊ होतात आणि ते चावून खाल्ले की कॅल्शियम मिळतं.

गैरसमज : डॉल्फिनचं चित्र आहे, म्हणजे मासा नीट पकडलेला आहे.

डॉल्फिनच्या चित्राचा जन्म पूर्व प्रशांत महासागरातला. तिथे पिवळ्या पंखांचा ट्यूना डॉल्फिनच्या कळपाखालून पोहतो, म्हणून डॉल्फिन दिसले की जाळं टाकत आणि डॉल्फिन मरत. त्यावरून अमेरिकेत १९९० साली या लेबलचा कायदा झाला. ते चित्र फक्त डॉल्फिनबद्दल बोलतं. शार्क, कासवं, ट्यूनाची पिल्लं यांच्याबद्दल ते काहीही सांगत नाही. स्किपजॅक तर डॉल्फिनसोबत तसा फिरतही नाही, तेव्हा त्याच्या डब्यावर ते चित्र मिरवणं सोपं आहे.

पद्धत कळायची असेल तर शब्द शोधावे लागतात. ‘पर्स सीन’ म्हणजे थव्याला गोल वेढून तळाशी दोरी आवळायचं जाळं. हे कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्या भांडणानंतर २०१६ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने ही मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मर्यादित केली. खोल समुद्रात हेच जाळं पुष्कळदा तरंगत्या तराफ्याभोवती टाकतात. सावलीला जमलेल्या स्किपजॅकबरोबर तिथे इतर ट्यूनांची पिल्लंही सापडतात. तराफा न वापरता मोकळ्या थव्यावर टाकलेलं जाळं त्यापेक्षा बरं, आणि काही डब्यांवर तसं लिहिलेलंही असतं.

‘पोल अँड लाइन’ म्हणजे काठी आणि गळ. याचं आपल्या देशातलं खरं ठिकाण लक्षद्वीप, त्यातही मिनिकॉय. होडीच्या टाकीत जिवंत बारीक मासळी ठेवतात, थवा दिसला की ती पाण्यात उधळतात, वरून पाण्याचे फवारे मारतात. स्किपजॅक खवळून वर येतो आणि बिनकाट्याच्या गळाने एकेक उचलला जातो. नको तो मासा यात फारसा येत नाही. याच मासळीवर मिनिकॉयला डबाबंदीचा कारखानाही उभा राहिला. पण हीही पद्धत फुकटची नाही : आमिषाची बारीक मासळी खाजणातून काढावी लागते, आणि ती कमी पडली की होड्या किनाऱ्यावरच राहतात.

‘लाइन कॉट’ एवढंच लिहिलं असेल तर मात्र भुलू नये. त्यात मैलोगणती लांब दोरीला हजारो गळ लावणारी लाँगलाइनही बसते, आणि तिच्यात शार्क नि कासवं अडकतात. ‘निसर्गात पकडलेला’ हे तर सांगितलं काय, न सांगितलं काय, सारखंच; डब्यातला स्किपजॅक तळ्यात कोणी पाळत नाही.

पकडण्याची पद्धत छापायची सक्ती आपल्याकडे नाही. म्हणून ज्याने माशाची जात, समुद्राचा भाग आणि जाळं किंवा गळ हे तिन्ही लिहिलं, त्याच्यावर जास्त विश्वास ठेवावा. समुद्राचा भाग कधी नुसत्या आकड्याने देतात. ५१ म्हणजे पश्चिम हिंदी महासागर, ज्यात आपला अरबी समुद्र येतो. यातलं काहीच लिहिलेलं नसलं, तरी लेबलवर ग्राहकसेवेचा क्रमांक आणि मेल छापणं बंधनकारक आहे. तिथे जात कुठली, कुठे पकडली, कशाने पकडली, असे तीन प्रश्न विचारा. निथळलेलं वजन छापलेल्यापेक्षा कमी भरलं तर त्याच लॉटचा दुसरा डबा न उघडता ठेवा, बिल जपा आणि जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयात किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.