स्टोअरचे दोन टक्के

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फौंड्र्यांची दाटी आहे. अशा एखाद्या फौंड्रीत भंगार लोखंडाचा ट्रक येतो. वाहतुकीसह टनाला चाळीस हजार रुपये पडलेले असतात. हे लोखंड भट्टीत जाईपर्यंत त्यावर आणखी खर्च होतो. वजनकाटा, हमाली, जातवार निवड, शेडचं भाडं, विमा, स्टोअरकीपर आणि कारकुनाचा पगार, यार्डातून भट्टीपर्यंत माल नेणाऱ्या लोडरचं डिझेल अशी त्याची यादी असते. यातला कुठलाच खर्च लोखंडाच्या बिलात नसतो, पण कास्टिंगच्या किमतीत तो यायला हवा.

त्यासाठी बहुतेक कारखाने एक सोपी रीत वापरतात. स्टोअरचा वर्षाचा अंदाजी खर्च काढायचा, वर्षभरात किती रुपयांचा माल इश्यू होईल त्याने भागायचं आणि निघणारी टक्केवारी प्रत्येक इश्यू स्लिपवर चढवायची. ही रीत सरकारी हिशेबातही जुनी आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या लेखासंहितेत साठवणुकीचा आकार असाच वार्षिक टक्केवारीने लावायची तरतूद आहे.

समजायला सोपे पडतील असे आकडे घेऊ. फौंड्री वर्षाला ३,००० टन लोखंड (पिग आयर्न आणि भंगार मिळून) ४०,००० रुपये टनाने वापरते, म्हणजे १२ कोटींचं. साच्याची वाळू २,००० टन, २,५०० रुपयांनी, म्हणजे ५० लाखांची. फेरोसिलिकॉन मॅग्नेशियमसारखे मिश्रधातू १०० टन, दीड लाख रुपये टनाने, म्हणजे दीड कोटीचे. एकूण माल १४ कोटींचा आणि स्टोअरचा खर्च २८ लाख, म्हणून दर निघाला २ टक्के. लोखंडाची इश्यू किंमत ४०,८०० रुपये झाली.

इथे पहिली काळजी खतावणीत घ्यावी लागते. स्लिपवर ४०,८०० असले तरी लोखंडाच्या साठा खात्यातून वजा करायचे फक्त ४०,०००. उरलेले ८०० स्टोअर खर्च वसुलीच्या वेगळ्या खात्यात जमा व्हायला हवेत, कारण साठा खात्यात हे ८०० कधी नावे पडलेलेच नसतात. सगळे ४०,८०० साठा खात्यालाच जमा केले तर काय होतं पाहा. यार्डात ५१ टन माल आहे, खात्यावर २० लाख ४० हजार. त्यातला ५० टन माल ४०,८०० ने इश्यू केला की खात्यातून २० लाख ४० हजार वजा होतात. रकमेच्या रकान्यात शून्य आणि यार्डात एक टन लोखंड शिल्लक! अशी चूक शोधायची तर शिल्लक रकमेला शिल्लक टनांनी भागून बघावं. नवी खरेदी नसताना प्रत्येक इश्यूनंतर सरासरी दर थोडा थोडा घसरत असेल तर टक्के चुकीच्या खात्यात जात आहेत.

याच कारणासाठी दोन टक्के माल आत येताना साठ्याच्या किमतीत मिसळू नयेत. ताळेबंदातल्या साठ्याच्या मूल्यांकनासाठीचं लेखामानक २ साठवणुकीचा खर्च साठ्याच्या किमतीत धरू देत नाही. उत्पादनाच्या पुढच्या टप्प्याआधी ती साठवण प्रक्रियेचाच भाग असेल तेवढाच अपवाद. त्यामुळे टक्के चढवायची जागा इश्यूची.

दुसरी गफलत भागाकाराच्या खालच्या आकड्यात होते. लोखंडाचे भाव चढणार अशी चाहूल लागली म्हणून फौंड्रीने यंदा १४ कोटींऐवजी १६ कोटींचा माल भरून ठेवला आणि कारकुनाने २८ लाखांना खरेदीच्या १६ कोटींनी भागलं. दर आला पावणेदोन टक्के. पण इश्यू होणार १४ कोटींचाच माल. वसुली होते साडेचोवीस लाखांची आणि साडेतीन लाख वाऱ्यावर राहतात. टक्के खरेदी किमतीवर लावायचे असले तरी भागायचं ते वर्षभरात इश्यू होणाऱ्या मालाच्या खरेदी किमतीने.

माझ्या मते या पद्धतीतला खरा दोष मात्र आणखी खोल आहे. टक्के किमतीमागे जातात. स्टोअरचा खर्च बहुतांशी वजन, जागा आणि हाताळणीमागे जातो. दोन टक्क्यांनी वाळूच्या वाट्याला टनाला फक्त ५० रुपये येतात, मिश्रधातूच्या वाट्याला ३,०००. प्रत्यक्षात वाळू ट्रकने येते, मोठी शेड अडवते, पावसाळ्यात ताडपत्रीखाली ठेवावी लागते आणि मिक्सरपर्यंत लोडरच्या कितीतरी फेऱ्या होतात. मिश्रधातूच्या गोण्या एका कुलूपबंद खोलीत मावतात. लोडरचे तास, हमाली आणि व्यापलेली जागा तीन-चार आठवडे टिपून ठेवली, तर कुठला माल किती खर्च खातो ते दिसतं. आपल्या उदाहरणात धरू की वाळूला टनाला ४०० रुपये, लोखंडाला ६५० आणि मिश्रधातूला ५०० लागतात. वाळूचे आठ लाख, लोखंडाचे साडेएकोणीस लाख, मिश्रधातूचे पन्नास हजार. बेरीज तीच २८ लाख.

आता भरपूर कोअर असलेली, वाळूखाऊ अशी १० टन साधी कास्टिंग घ्या. त्यांना लोखंड ११ टन, वाळू १५ टन आणि मिश्रधातू १०० किलो लागतो. दोन टक्क्यांच्या हिशेबाने स्टोअरचा भार ९,८५० रुपये पडतो, खरा भार १३,२००. टनामागे ३३५ रुपये कमी धरले गेले. याउलट एसजी आयर्नच्या कामात वाळू कमी आणि मॅग्नेशियमचा मिश्रधातू जास्त असेल, तर तिथे भार फुगतो. टनाला ३३५ रुपये ही मोठी रक्कम नव्हे, हे मान्य. पण कोटेशन शंभर-दोनशे रुपयांच्या फरकाने हातचं जातं तिथे कुठलं काम घ्यावं आणि कुठलं सोडावं याचा निर्णय चुकायला ती पुरते.

भाव हलले की दोष आणखी उघडा पडतो. लोखंड ४०,००० वरून ५०,००० वर गेलं तर दोन टक्क्यांनी टनाला ८०० ऐवजी १,००० रुपये वसूल होऊ लागतात. ३,००० टनांवर सहा लाख जास्त. हमालांची मजुरी वाढलेली नाही, शेडचं भाडंही तेच. भाव उतरले की उलटं होतं आणि स्टोअरचा खर्च पुरता निघत नाही.

म्हणून खर्चाचे दोन भाग करावेत. विमा आणि राखण हा खर्च मालाच्या किमतीबरोबर वाढतो. तो २८ लाखांपैकी २ लाख ८० हजार असेल तर सगळ्या मालावर ०.२ टक्के बसतो. उरलेला वजनावर: लोखंडाला टनाला ५७० रुपये, वाळूला ३९५, मिश्रधातूला २००. मग लोखंड ५०,००० झालं तरी स्टोअरचा भार ६५० वरून ६७० होतो, हजारावर उडी घेत नाही.

नट-बोल्ट, ग्राइंडिंग व्हील, हातमोजे अशा शेकडो किरकोळ वस्तूंना मात्र वेगवेगळे दर काढत बसू नये. त्यांचा स्टोअर खर्च वेगळा काढून त्यांच्यापुरती एकच टक्केवारी पुरते. प्रत्येक वस्तूचा हिशेब ठेवायला कारकुनाचा जो वेळ जाईल तो वाचवलेल्या चुकीपेक्षा महाग पडेल. आणि वर्षअखेरीला वसुली खात्यात अधिक-उणे काही उरेलच. फरक किरकोळ असेल तर तो नफा-तोटा खात्यात टाकून मोकळं व्हावं. मोठा असेल तर पुढच्या वर्षाचा दर ठरवण्याआधी अंदाज कुठे चुकला ते बघावं, खर्चाच्या आकड्यात की टनांच्या.