वरणाची वाटी आणि ५० ग्रॅम प्रथिने

सत्तरीच्या, शाकाहारी आणि पन्नास किलो वजनाच्या एखाद्या बाई म्हणाल्या, "दोन्ही वेळा वरण खाते की मी," तर आधी विचारावे, वरण दाट की पातळ? ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत साधारण ७ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढीच डाळ पाणी घालून चौघांत वाढली, तर एकेकाच्या वाट्याला दोन ग्रॅमही येत नाहीत. त्यामुळे हिशेब वाटीवर नको, कोरड्या डाळीच्या वजनावर करावा.

भारतात प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. पण उतारवयात स्नायू प्रथिनांना पूर्वीसारखी दाद देत नाहीत, म्हणून ज्येष्ठांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे या बाईंना रोज ५० ते ६० ग्रॅम लागतील. (हे वजन प्रथिनांचे, पदार्थाचे नव्हे, ५० ग्रॅम पनीरमध्ये प्रथिने असतात ९ ग्रॅम.) चहा-बिस्किटे, पोहे, एक पोळी, थोडा वरणभात आणि रात्री मऊ भात एवढ्यावर मात्र जेमतेम २०-२५ ग्रॅम होतात.

भूकच कमी, तिथे "जास्त खा" सांगून काय होणार? घास तेवढेच ठेवून त्यांतला ऐवज बदलायचा. सकाळी पोह्यांऐवजी ३० ग्रॅम मूगडाळीचे धिरडे, त्यात ५० ग्रॅम किसलेले पनीर, सोबत अर्धा कप दूध: झाले १९. दुपारी एक पोळी, ३० ग्रॅम डाळीचे घट्ट वरण, छोटी वाटी दही आणि कोशिंबिरीत मोठा चमचाभर दाण्याचे कूट: साधारण १७. संध्याकाळी कपभर दुधात दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर: १०. रात्री डाळ-तांदूळ समसमान, तीस-तीस ग्रॅम घेऊन केलेली खिचडी: ९. बेरीज ५५.

थोडे थोडे खाणाऱ्यांची एक गफलत होते: दिवसभरात सहा वेळा चार-चार ग्रॅम. बेरीज तर तोकडी पडतेच, शिवाय वृद्ध स्नायूंना एका वेळी बऱ्यापैकी मात्रा लागते असे मानतात. निदान दोन जेवणे तरी १५-२० ग्रॅमची असावीत. तूप-पोळी तोडून प्रथिने वाढवणेही चुकीचेच, कारण एकूण ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळते.

मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे आकडे लागू होत नाहीत. क्रिएटिनिन तपासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. आणि नुसत्या खाण्याने स्नायू टिकत नाहीत, त्यांना जोर लावावा लागतो. हात छातीशी घेऊन खुर्चीवरून पाच वेळा उठून बसावे. त्याला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर स्नायूंची तपासणी करून घ्यावी. हाच प्रकार रोज थोडा थोडा केला की व्यायामही होतो.