सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त (सहकारी गृहनिर्माण संस्था)

सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त म्हणजे संस्थेच्या सभासदांच्या सभेत कोणते विषय मांडले गेले, त्यांवर कोणते ठराव आले आणि मतदानाचा निकाल काय लागला याची अधिकृत लेखी नोंद होय. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये ही नोंद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि संस्थेचे उपविधी यांना अनुसरून इतिवृत्त पुस्तकात केली जाते. इतिवृत्त हा भाषणांचा वृत्तान्त नसतो. सभेला हजर नसलेल्या व्यक्तीला केवळ ते वाचून नेमका निर्णय कळावा आणि त्याची अंमलबजावणी करता यावी, हा त्याचा उद्देश असतो.

## प्रारंभीची नोंद

इतिवृत्ताच्या आरंभी सभेचा प्रकार, दिनांक, वेळ, स्थळ, अध्यक्षस्थानी असलेली व्यक्ती आणि उपस्थित सभासदांची संख्या लिहिली जाते. त्यानंतर गणपूर्तीची (कोरम) नोंद येते. आदर्श उपविधींनुसार एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती मानली जाते. २४ सभासदांच्या संस्थेत ही संख्या १६ होते, तर ६० सभासदांच्या संस्थेत २० होते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली असल्यास तहकुबीची आणि सभा पुन्हा सुरू झाल्याची वेळ स्वतंत्रपणे नोंदवावी लागते.

## विषयनिहाय मांडणी

सभेच्या सूचनेतील विषयपत्रिकेचा क्रम आणि विषय क्रमांक इतिवृत्तातही तसेच ठेवले जातात. प्रत्येक विषयाखाली चर्चेचा थोडक्यात आशय, ठरावाचा पूर्ण मजकूर, सूचक व अनुमोदक यांची नावे आणि मतदानाचा निकाल या क्रमाने नोंद होते. पूर्वसूचना आवश्यक असलेला विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या शीर्षकाखाली घेऊन मंजूर करता येत नाही.

ठरावाच्या मजकुरात काय करायचे, किती खर्चाच्या मर्यादेत, कोणी आणि कोणत्या मुदतीत, हे स्पष्ट असावे लागते. ‘लिफ्टबाबत चर्चा होऊन योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले’ अशा नोंदीवरून किती रकमेला मान्यता मिळाली हे सांगता येत नाही. त्यामुळे वर्गणीची मागणी होताच वाद उद्भवतो.

## उदाहरण

२४ सदनिकांच्या एका काल्पनिक संस्थेत १८ सभासद उपस्थित आहेत. लिफ्टच्या दुरुस्तीसाठी ९,६०,००० रुपयांचा खर्च प्रस्तावित आहे. लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च, तिचा वापर कोण किती करतो हे न पाहता, सर्व सभासदांवर सारखा आकारला जातो. त्यामुळे प्रत्येक सदनिकेचा वाटा ४०,००० रुपये होतो. मूळ ठराव ही रक्कम एकरकमी घेण्याचा आहे. एक सभासद ती दोन हप्त्यांत घेण्याची दुरुस्ती सुचवतो. दुरुस्तीवर आधी मतदान होते आणि नंतर दुरुस्त ठरावावर. त्याची नोंद पुढीलप्रमाणे होईल :

> विषय क्र. ५ : लिफ्टची दुरुस्ती व त्यासाठी वर्गणी
> दुरुस्ती : ‘एकरकमी’ऐवजी ‘प्रत्येकी २०,००० रुपयांच्या दोन हप्त्यांत’ असे वाचावे.
> सूचक : सदनिका क्र. ३०२; अनुमोदक : सदनिका क्र. १०४
> बाजूने १२, विरोधात ४, तटस्थ २. दुरुस्ती मंजूर.
> ठराव क्र. ५ : लिफ्टच्या दुरुस्तीसाठी कमाल ९,६०,००० रुपये खर्चास ही सभा मान्यता देत असून, प्रत्येक सदनिकेकडून ४०,००० रुपये, प्रत्येकी २०,००० रुपयांच्या दोन हप्त्यांत घ्यावेत.
> सूचक : सदनिका क्र. २०१, अनुमोदक : सदनिका क्र. ४०३
> बाजूने १३, विरोधात ३, तटस्थ २. ठराव बहुमताने मंजूर.
> तळमजल्यावरील सदनिका क्र. ००२ च्या सभासदांनी आपला विरोध नोंदवण्यास सांगितले.

प्रत्यक्ष इतिवृत्तात सदनिका क्रमांकासोबत सभासदाचे नावही लिहितात.

## मतदानाच्या नोंदीतील चुका

तिन्ही आकड्यांची बेरीज त्या वेळच्या उपस्थितीइतकी, म्हणजे येथे १८, यायला हवी. तटस्थ मते न लिहिल्यास बेरीज १६ येते आणि उरलेले दोघे सभेतून निघून गेले होते की मोजणी चुकली, हे नंतर ठरवता येत नाही. सामान्य ठराव उपस्थित राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने संमत होतो, तर उपविधी दुरुस्तीसारख्या ठरावाला दोन-तृतीयांश बहुमत लागते. अशा ठरावापुढे केवळ ‘मंजूर’ लिहिल्यास तो वैध आहे की नाही हे तपासता येत नाही. समसमान मते पडल्यास अध्यक्षांच्या निर्णायक मताची स्वतंत्र नोंद करावी लागते. एकही विरोधी मत पडले असेल तर ‘सर्वानुमते मंजूर’ ही नोंद चुकीची ठरते.

## मसुदा आणि अंतिम नोंद

आदर्श उपविधींनुसार व्यवस्थापक समिती सभेनंतर तीन महिन्यांच्या आत इतिवृत्ताचा मसुदा तयार करते आणि समितीच्या त्या सभेपासून १५ दिवसांत तो सभासदांना पाठवते. सभासद मसुदा मिळाल्यावर १५ दिवसांत आपले अभिप्राय सचिवांना कळवू शकतात. त्यांचा विचार करून समिती पुढील सभेत इतिवृत्त अंतिम करते. या टप्प्यावर नोंदीतील चूक सुधारता येते, परंतु निर्णय बदलता येत नाही. मंजूर ठराव रद्द करण्याचा ठराव सहा महिने उलटल्याशिवाय सर्वसाधारण सभेपुढे आणता येत नाही.